‘पेड’ दिसतंय, पण पैसे आले कुठे?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)

मी अनेक वर्षं बँकेत नोकरी केली. त्यातली शेवटची काही वर्षं ताळमेळाच्या टेबलावर गेली, म्हणजे एका बँकेतून निघालेले पैसे दुसऱ्या बँकेत पोचले का, हे जुळवून बघण्याचं काम. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं की सुटलो. पण आता सोसायटीतले लोक मोबाइल घेऊन दारात येतात. त्यातलीच एक गोष्ट आज सांगणार आहे, आणि तिच्या आधाराने आपण पैशाचा रस्ता बघणार आहोत.

आमच्याकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक गट आहे. आठ जणं. जानेवारीतल्या एका रविवारी हे सगळे हुरडा खायला एका शेतावर गेले. शेतावरचं जेवणखाण 6,800 रुपये आणि टेम्पो ट्रॅव्हलरचे 4,800, असे एकूण 11,600 रुपये झाले. गटातल्या एका बाईंनी सगळे पैसे स्वतः भरले. त्यांना आपण ताई म्हणू. माणशी 1,450 रुपये आले. रात्री घरी आल्यावर ताईंनी पेमेंट अ‍ॅपमध्ये गट उघडला, बिल ‘स्प्लिट’ केलं आणि सात जणांना 1,450 ची विनंती गेली.

सोमवारी सकाळी ताईंनी बघितलं, तर सहा नावांपुढे टिकमार्क होता. सातव्या नावापुढे ‘पेंडिंग’. हे सातवे म्हणजे आपले काका. वय बहात्तर, हिशोबाला चोख. ताईंनी गटावर लिहिलं, “काका, तुमचे तेवढे राहिलेत बरं का.” काकांनी लगेच स्क्रीनशॉट टाकला. रविवार, रात्री 11 वाजून 48 मिनिटं, 1,450 रुपये, हिरवी खूण, ‘पेड’. ताई म्हणाल्या, माझ्याकडे काहीच आलेलं नाही. मग गटातल्याच कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं, “स्क्रीनशॉट काय हो, हल्ली कुणीही बनवतं.”

ती गंमत काकांना लागली. संध्याकाळी त्यांनी पाकिटात घालून 1,450 रुपये रोख ताईंच्या हातात दिले, आणि मंगळवारपासून फिरायला येणं बंद केलं. गुरुवारी ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊ, खोटं कोण बोलतंय ते सांगा.”

खोटं कुणीच बोलत नव्हतं. दोघांचे मोबाइल आपापल्या परीने खरं तेच दाखवत होते. हे कसं होऊ शकतं, ते आता बघू.

चिठ्ठी वेगळी, पैसे वेगळे

पहिली गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे निम्मा गुंता इथेच सुटतो. तुम्ही अ‍ॅपमध्ये बिल वाटता, तेव्हा नावांची जी यादी दिसते, कोणापुढे ‘पेड’, कोणापुढे ‘पेंडिंग’, ती यादी बँकेची नाही. ती अ‍ॅपची स्वतःची वही आहे. वाण्याच्या दुकानात उधारीची वही असते ना, तशी. वहीत नाव खोडलं म्हणजे गल्ल्यात पैसे आलेच असं नाही, आणि गल्ल्यात पैसे आले म्हणून वहीत नाव आपोआप खोडलं जातं असंही नाही.

पूर्वी यूपीआयमध्ये ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ नावाचा प्रकार व्यक्ती-व्यक्तींमध्येही चालायचा. मी मागणी पाठवायची, तुम्ही पिन टाकून ती मंजूर करायची. मागणी आणि पेमेंट एकाच धाग्यात गुंफलेलं असायचं. त्याचा फसवणुकीसाठी फार वापर होऊ लागला, म्हणून 1 ऑक्टोबर 2025 पासून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणी बंद केली. आता अ‍ॅपमधली बिल वाटणी म्हणजे फक्त एक आठवण आहे, चिठ्ठी आहे. तुम्ही त्या चिठ्ठीवर बोट ठेवून ‘पे’ केलंत, तरी मागे जे घडतं ते एक साधं, स्वतंत्र पेमेंट असतं. ते पेमेंट पूर्ण झालं असं अ‍ॅपला कळलं, की अ‍ॅप आपल्या वहीत टिकमार्क करतं.

‘अ‍ॅपला कळलं’ हे शब्द लक्षात ठेवा. सगळी गंमत तिथेच आहे.

पैशाचा रस्ता

काकांनी पिन टाकला त्या क्षणापासून काय झालं? अ‍ॅपने निरोप एनपीसीआयकडे पाठवला: अमुक यूपीआय आयडीला 1,450 रुपये द्यायचे आहेत. एनपीसीआयने ताईंच्या बाजूला विचारलं, या आयडीमागे कुठलं खातं आहे? खातं कळलं. मग एनपीसीआयने काकांच्या बँकेला सांगितलं, यांचा पिन तपासा आणि 1,450 रुपये वजा करा. बँकेने वजा केले आणि कळवलं, झाले. मग एनपीसीआयने ताईंच्या बँकेला सांगितलं, या खात्यात 1,450 जमा करा. आता ताईंच्या बँकेने ‘जमा केले’ असं उत्तर द्यायचं, आणि मग दोन्हीकडे निरोप जायचा.

एरवी हे सगळं काही सेकंदांत होतं, म्हणून आपल्याला ते एकच काम वाटतं. पण ती दोन कामं आहेत. आधी एका बँकेत वजा आणि नंतर दुसऱ्या बँकेत जमा. दोन्ही बँकांची यंत्रं वेगळी, आणि मध्ये निरोप्या.

आता समजा, पहिलं काम झालं, आणि दुसऱ्या बँकेकडून उत्तरच आलं नाही. रात्री उशिरा बँकांची दिवसअखेरची कामं चालू असतात, यंत्रावर ताण असतो, उत्तर वेळेत येत नाही. एनपीसीआयने काय करावं? काकांचे पैसे लगेच परत करावेत?

इथे जुनी मनीऑर्डर आठवा. पोस्टमन गावी पैसे द्यायचा आणि सहीची पोच परत यायची. समजा पोच आली नाही. याचे अर्थ दोन होऊ शकतात. एक, पैसे दिलेच नाहीत. दोन, पैसे दिले, पण पोच वाटेत हरवली. तुम्ही घाईने पाठवणाऱ्याला पैसे परत केलेत आणि नंतर कळलं की गावी ते मिळालेही होते, तर भुर्दंड पोस्टाला.

यूपीआयमध्येही तसंच आहे. उत्तर आलं नाही म्हणजे जमा झालं नाही असं धरता येत नाही. म्हणून अशा व्यवहाराला ‘डीम्ड अप्रूव्ह्ड’ म्हणतात, म्हणजे ‘मंजूर झाला असं तूर्त मानलं आहे’. पैसे काकांच्या खात्यातून गेलेले आहेत, ते आपोआप लगेच परत येत नाहीत. काही अ‍ॅप हा प्रकार पिवळ्या रंगात ‘प्रोसेसिंग’ म्हणून दाखवतात, काही सरळ हिरवी खूण करतात. काकांच्या अ‍ॅपने हिरवी केली, कारण त्यांच्या बाजूचं काम खरंच पूर्ण झालं होतं. ताईंच्या बाजूला जमा झाल्याचा निरोप आलाच नव्हता, म्हणून तिथे काहीच दिसलं नाही. दोघंही खरे.

मग पुढे कोण काय करतं?

असे लटकलेले व्यवहार ताईंच्या बँकेने तपासायचे असतात. हेच माझं टेबल. एनपीसीआयकडून यादी येते, बँक आपल्या खात्यांशी ताडून बघते. तीन शक्यता निघतात. एक, पैसे त्याच वेळी जमा झाले होते, फक्त उत्तर पोचलं नव्हतं. दोन, झाले नव्हते, पण खातं ठीक आहे, तर आता जमा करायचे. या दोन्हींत बँक कळवते की जमा झालं. तीन, जमा करता येतच नाहीत, खातं बंद आहे वगैरे, तर पैसे पाठवणाऱ्याच्या बँकेला परत करायचे.

याला मुदत आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये परिपत्रक काढून ती ठरवली. यूपीआयने व्यक्तीला पैसे पाठवले, वजा झाले पण जमा झाले नाहीत, तर ज्या तारखेला व्यवहार झाला तिच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे परत व्हायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसामागे 100 रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. दुकानदाराला केलेल्या पेमेंटची मुदत वेगळी, ती पाच दिवसांची आहे. आपली हुरड्याची वर्गणी पहिल्या प्रकारात येते.

इथे एक बारकावा आहे. काकांनी रविवारी रात्री 11:48 ला पैसे पाठवले. तारीख रविवारची, म्हणजे मुदत सोमवार अखेर. बारा मिनिटं उशिरा पाठवले असते तर मुदत मंगळवार अखेर गेली असती. समजा पैसे बुधवारी परत आले असते, तर मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस धरून 200 रुपये काकांना मिळायला हवे होते.

बारा अंकांचा दाखला

गुरुवारी मी ताईंना म्हटलं, “स्क्रीनशॉट राहू दे. काकांना फोन लावा आणि त्या पेमेंटचा बारा अंकी नंबर विचारा.”

प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा अंकी क्रमांक असतो. अ‍ॅपमध्ये त्या पेमेंटवर बोट ठेवलं की तपशिलात तो `UTR` किंवा `UPI transaction ID` या नावाने दिसतो. काही बँका त्याला `RRN` म्हणतात. त्याच पानावर अ‍ॅपचा स्वतःचा एक लांबलचक नंबरही असतो, अक्षरं आणि अंक मिसळलेला. लोक बहुतेक वेळा तोच पाठवतात. तो अ‍ॅपच्या ऑफिसला उपयोगाचा, बँकेला नाही. बँकेला हवेत ते नुसते बारा आकडे, कारण तोच क्रमांक दोन्ही बँकांच्या नोंदीत असतो.

काकांनी जरा तोऱ्यातच नंबर दिला. मग मी ताईंना सांगितलं, “आता पेमेंट अ‍ॅप बंद करा. तुमच्या बँकेचं अ‍ॅप उघडा आणि खात्याचा उतारा काढा. रविवारपासून आजपर्यंतचा.”

उतारा काढला. रविवारी काही नाही. सोमवारी रात्री उशिरा एक नोंद होती, जमा 1,450, आणि तपशिलात तेच बारा आकडे.

पैसे आले होते. मुदतीत आले होते. पण ते बँकेने मागाहून, ताळमेळ करून जमा केले. त्या पहिल्या निरोपाच्या वाटेने ते आलेच नाहीत, म्हणून पेमेंट अ‍ॅपच्या वहीला त्याचा पत्ताच नव्हता. ताईंच्या अ‍ॅपमध्ये काकांच्या नावापुढे गुरुवारीही ‘पेंडिंग’च होतं. ताई वही बघत होत्या, गल्ला बघत नव्हत्या.

आता हिशोब करा. सात जणांचे 1,450 प्रमाणे 10,150 रुपये. त्यात काकांनी पाकिटातून दिलेले आणखी 1,450. एकूण 11,600. म्हणजे सगळं बिल वसूल, आणि ताईंचा हुरडा काकांच्या खर्चाने झाला! ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या तशाच उठून पाकीट घेऊन काकांकडे गेल्या. गटावर त्यांनी स्वतः लिहिलं, की पैसे सोमवारीच आले होते, चूक माझ्या बघण्याची. माझ्या मते हे दुसरं काम पहिल्याइतकंच गरजेचं होतं, कारण शंका गटावर घेतली होती.

बारा आकडे नसतील, किंवा उताऱ्यात नसतील तर?

दरवेळी गोष्ट अशीच असते असं नाही. ‘त्याला पेड दिसतंय, मला काही नाही’ यामागे आणखी दोन कारणं नेहमी सापडतात, आणि ती ओळखायला तोच नंबर उपयोगी पडतो.

पहिलं कारण म्हणजे पैसे निघालेलेच नाहीत. काही अ‍ॅपमध्ये वाटणीच्या यादीत ‘दिले’ अशी खूण हाताने करता येते, रोख दिलं असेल तर सोय म्हणून. माणूस चुकून ते दाबतो आणि हिरवं दिसलं की निश्चिंत होतो. इथे पेमेंटच झालेलं नसतं, त्यामुळे बारा आकडे कुठेच सापडत नाहीत. अशा वेळी देणाऱ्याने आपला स्वतःचा उतारा बघायचा. पैसे वजा झालेले नसतील, तर द्यायचे राहिलेत. विषय संपला.

दुसरं कारण जास्त चकवणारं आहे. पैसे पोचलेले असतात, पण दुसऱ्याच खात्यात. आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये दोन-तीन पेमेंट अ‍ॅप असतात. प्रत्येकाने आपला वेगळा यूपीआय आयडी दिलेला असतो, आणि त्यांना जोडलेली खातीही वेगळी असू शकतात. एकाला पेन्शनचं खातं, दुसऱ्याला जुनं पगाराचं. समोरच्याने चिठ्ठीवर बोट न ठेवता तुमच्या मोबाइल नंबरवर किंवा जुन्या क्यूआर कोडवर पैसे पाठवले, तर ते त्या आयडीला जोडलेल्या खात्यात जातात. ज्या अ‍ॅपमध्ये तुम्ही बिल वाटलं, ते अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅपच्या आयडीवर आलेले पैसे सहसा दाखवत नाही. त्यामुळे तुम्हाला काहीच दिसत नाही.

हे कसं ओळखायचं? बारा आकड्यांसोबत देणाऱ्याला आणखी दोन गोष्टी विचारा: कुठल्या यूपीआय आयडीला गेले, आणि बँकेचं नाव दिसतंय का. आयडीमध्ये `@` च्या पुढे जे असतं, त्यावरून कुठल्या अ‍ॅपचा आयडी ते कळतं. मग त्या आयडीला जोडलेल्या खात्याचा उतारा बघा. मी तर म्हणेन, आपली सगळी खाती एकदा बघूनच घ्यावीत आणि मगच दुसऱ्याला विचारावं.

आणि तिसरी स्थिती: देणाऱ्याच्या उताऱ्यात वजा आहे, बारा आकडे आहेत, घेणाऱ्याच्या कुठल्याच खात्यात नाही, आणि दुसरा दिवसही उलटून गेला. आता तक्रार करायची. ती देणाऱ्याने करायची, कारण पैसे त्याच्या खात्यातून गेलेत. ज्या अ‍ॅपमधून पेमेंट केलं तिथेच, त्याच व्यवहाराच्या पानावर तक्रारीची सोय असते. तिथे जमलं नाही तर आपल्या बँकेकडे लेखी द्या. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर ऑनलाइन दाद मागता येते. त्याला फी नाही.

या सगळ्या काळात एक पथ्य पाळा. पहिल्या व्यवहाराचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यांदा पैसे देऊ नका आणि घेऊही नका. काकांनी मानापोटी दिले आणि ताईंनी घेतले, म्हणून हिशोब दुप्पट झाला. रोज भेटणारी माणसं होती म्हणून निस्तरलं. टेम्पोवाल्याला असे दोनदा गेले असते तर परत आणायला घाम फुटला असता.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: मग स्क्रीनशॉटला काहीच किंमत नाही का?*

आहे. त्यात वेळ असते, रक्कम असते, आयडी असतो. बारा आकडे दिसत असतील तर फारच उत्तम. पण तो फक्त देणाऱ्याच्या बाजूचा दाखला आहे. तुमच्या खात्यात जमा झालं की नाही, हे सांगायची ताकद त्याच्यात नाही. आणि तो बनावटही असू शकतो, हे खरं आहे. पण म्हणून शेजारच्या काकांना चारचौघांत तसं म्हणायचं नसतं. “काका, तुमच्याकडे पेड दिसतंय ते बरोबरच असेल, मला फक्त बारा अंकी नंबर द्याल का, मी उताऱ्यात शोधते,” असं म्हटलं की काम तेच होतं. नंबर खरा असेल तर उताऱ्यात सापडेल, नाहीतर तक्रारीत त्याचा छडा लागेल.

*प्रश्न: अ‍ॅपमधलं ते ‘पेंडिंग’ नंतरही तसंच राहिलं तर? दर दोन दिवसांनी आठवण जाते.*

ताईंकडेही तेच झालं. पैसे आल्याचं उताऱ्यात दिसलं, तरी काकांना अ‍ॅपकडून आठवण गेलीच! वाटणी ज्याने केली, त्याने उताऱ्यात खात्री करून घ्यायची आणि मग यादीत त्या नावापुढे हाताने ‘मिळाले’ करून टाकायचं, किंवा ती मागणीच बंद करायची. म्हणजे वहीही मिटते. काकांना ती आठवण आली तेव्हा ते खाली बागेतच होते, फिरून झाल्यावर सगळ्यांबरोबर बसले होते. त्यांनी मोबाइल ताईंपुढे धरला आणि म्हणाले, “बघा बाई, अजून मागताय.” ताईंनी तिथल्या तिथे ते खोडलं.